पहिल्या चुंबनाच्या रात्रीची नोंद

पहिल्या चुंबनाच्या रात्री लिहिलेली रोजनिशीतली नोंद पुष्कळदा हवामानापासून सुरू होते. पाऊस होता की उघडीप, बस किती वाजता मिळाली, चहाचे पैसे कोणी दिले, असे तपशील आधी येतात. ज्या गोष्टीसाठी वही उघडली ती पानाच्या मध्यावर एखाद्या अर्ध्या वाक्यात येते आणि लगेच मागे पडते. पुढची ओळ आईबद्दल असते, किंवा परीक्षेबद्दल. अशा पानात आनंद, अपराधीपणा आणि गोंधळ एकत्र असतात एवढे म्हणणे सोपे आहे. ते तिन्ही पानावर कुठे बसलेले असतात, कोणत्या शब्दात, कोणत्या क्रियापदात, हे कळायला मात्र एक नोंद समोर ठेवून ओळीओळीने वाचावी लागते.

पुढची नोंद या लेखासाठी रचली आहे. लिहिणारा मुलगा एकवीस वर्षांचा, कोल्हापुरात बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेला, आईवडील आणि धाकट्या बहिणीसोबत राहणारा, असा धरला आहे. मुलगी त्याच्याच वर्गातली, त्याच्याच वयाची, वसतिगृहात राहणारी.

"मंगळवार, रात्रीचे सव्वाबारा. दुपारी पाऊस उघडला. प्रॅक्टिकल चारला सुटलं. आईला सांगितलं लायब्ररीत बसतो, आठपर्यंत येतो. रंकाळ्यावर पोचलो तेव्हा साडेपाच. संध्यामठ अर्धा पाण्यात. भेळेचे पैसे मी दिले. ती म्हणाली, पुढच्या वेळी मी. पुढच्या वेळी, असं म्हणाली.

तिनं भेळेतला कांदा काढून ठेवला. मी विचारलं, कांदा आवडत नाही का. ती नुसती हसली. तेव्हा कळलं नाही. आत्ता लिहिताना कळतंय.

शालिनी पॅलेसच्या बाजूला माणसं कमी होती. दिवे लागायचे होते. ती मामाच्या लग्नाचं काहीतरी सांगत होती आणि मधेच थांबली. मग ते झालं. किती वेळ ते सांगता येणार नाही. तिच्या ओठांना लिंबाचा वास होता. माझे हात कुठे होते आठवत नाही. कानात नुसती धडधड. मागून एक मोटरसायकल गेली आणि मला वाटलं बाबाच.

ती म्हणाली, उशीर झाला. रिक्षाला हात केला आणि गेली. मागे वळून बघितलं का? बघितलं असेल. रिक्षाला मागे पडदा होता.

घरी आलो. आईनं विचारलं, झाला का अभ्यास. म्हटलं, हो. तिनं पिठलं-भाकरी वाढली. मला तिच्याकडे बघवेना. छोटी म्हणाली, दादा आज गप्प का.

मी असं कसं केलं? तिला विचारलंच नाही. विचारायला पाहिजे होतं का? उशीर झाला म्हणजे काय? नुसता उशीर, की आता भेटायलाच नको असा उशीर? मेसेज तीनदा लिहिला, तीनदा पुसला.

बाबा कर्ज काढून फी भरतात आणि मी. मी असा कसा.

पण खरं सांगायचं तर येताना बसमध्ये मला सगळी माणसं आवडत होती. कंडक्टरसुद्धा. झोप येणार नाही."

नोंदीची पहिली तीन-चार वाक्ये निरुपयोगी वाटतात. प्रॅक्टिकल किती वाजता सुटले याचा चुंबनाशी काय संबंध? संबंध आठवणीच्या घडणीशी आहे. मन उचंबळून येते तेव्हा शरीरात अ‍ॅड्रिनलिन आणि त्याच्या जातकुळीची रसायने वाढतात, आणि मेंदूतला अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग त्या वेळच्या आठवणी पक्क्या होण्याला बळ देतो. जेम्स मॅकगॉ या अमेरिकी शास्त्रज्ञाने आयुष्यभर याच विषयावर काम केले. आठवण घट्ट करणारी ही क्रिया प्रसंग घडून गेल्यावरही काही वेळ चालू राहते. त्यामुळे मुख्य क्षणाबरोबर त्याच्या मागचापुढचा बारीकसारीक ऐवजही टिकून राहू शकतो: पाण्यातला संध्यामठ, बाजूला काढलेला कांदा, रिक्षाचा पडदा. मुलगा हे मुद्दाम सजावट म्हणून लिहीत नाही. त्याच्या मनात ती संध्याकाळ याच वस्तूंनी भरलेली आहे.

त्याच वेळी काही गोष्टी मुळीच नोंदल्या जात नाहीत. "माझे हात कुठे होते आठवत नाही" हे वाक्य खोटे किंवा लाजून लिहिलेले असण्याचे कारण नाही. तीव्र भावनेत लक्ष अरुंद होते. जिथे ते खिळले तेवढेच उरते. आणि त्या क्षणी ते ओठांवर खिळावे याला शरीररचनेचाही आधार आहे. १९३७ साली वाइल्डर पेनफिल्ड आणि एडविन बोल्ड्री यांनी मेंदूच्या शस्त्रक्रियेच्या वेळी जाग्या असलेल्या रुग्णांच्या मेंदूच्या पृष्ठभागाला विजेचा अगदी सौम्य स्पर्श करून, कोणत्या जागी कोणत्या अवयवाची जाणीव होते याचा नकाशा केला. त्या नकाशात ओठांना मिळालेली जागा त्यांच्या आकाराच्या मानाने फार मोठी आहे. अख्ख्या पाठीची जागा त्यापुढे लहान दिसते. म्हणून वास आणि स्पर्श पानावर आले आणि हात हरवले. हरवलेल्या हातांचे वाक्य लिहिण्याइतका हा मुलगा प्रामाणिक आहे, आणि नोंदीतल्या सर्वांत विश्वासार्ह वाक्यांत ते धरायला हवे.

आता मधले वाक्य. "मग ते झालं." तीन शब्दांच्या या वाक्यात त्या गोष्टीचे नावच नाही. याला मराठी भाषेचीही अडचण आहे. "चुंबन" हा संस्कृतातून आलेला, पुस्तकी शब्द आहे. कविता-कादंबरीत तो शोभतो, पण मित्राशी बोलताना कोणी सहसा वापरत नाही. "पापा" लहान बाळाचा. "मुका" हा खरा घरगुती शब्द, पण आजच्या शहरी मुलाच्या कानाला तो एकतर बाळाच्या गालाचा वाटतो किंवा लावणीतला. उरला "किस", जो मित्रांच्या घोळक्यात सहज चालतो आणि नेमका म्हणूनच त्या रात्री हलका वाटतो. ज्या गोष्टीने कानात धडधड झाली तिला मित्रांच्या गप्पांतला शब्द द्यायला हात धजावत नाही. मग सर्वनाम मदतीला येते: "ते". मुलीचे नावही पानावर नाही, सगळीकडे "ती" आहे. जुन्या घरांतल्या बायका नवऱ्याचे नाव घेत नसत, "इकडून", "हे" म्हणत. ते नाव फक्त उखाण्यात येई. जवळच्या माणसाचे नाव जपून ठेवण्याची ती सवय या मुलाच्या वहीत वेगळ्या कारणाने पुन्हा उगवली आहे. वही बहिणीच्या हाती लागली तर नाव सापडू नये, हा साधा हिशेबही त्यात असेल.

शब्दापेक्षा क्रियापद अधिक बोलके आहे. मराठीत चुंबन "घेतात", "देतात", अलीकडच्या बोलीत "किस करतात". प्रत्येक क्रियापदाला कर्ता लागतो. "मी घेतला" म्हटले की जबाबदारी मुलाची. "तिनं दिला" म्हटले की पुढाकार तिचा. "आम्ही केला" म्हणायचे तर दोघांची इच्छा होती याची खात्री हवी, आणि ती त्याच्याजवळ नाही. "झालं" या क्रियापदाला करणारा लागत नाही. पाऊस झाला, उशीर झाला, तसे ते झाले. ज्याला त्या क्षणाचा मान स्वतःकडे घ्यायचा नाही आणि दोषही पत्करवत नाही, त्याला हे क्रियापद आयतेच सापडते. दोन परिच्छेदांनंतर मात्र "मी असं कसं केलं?" या वाक्यात कर्ता परत येतो. आनंद लिहिताना कर्ता नव्हता, दोष लिहिताना आला. या एका फरकात त्या रात्रीची बरीचशी हकीकत आहे.

अपराधीपणाच्या ओळी नीट पाहिल्या तर त्यांत तीन वेगळ्या गोष्टी गुंतलेल्या दिसतात, आणि वाचताना त्या सोडवून घ्याव्या लागतात. पहिली आहे खोटे बोलल्याची. लायब्ररीत बसतो असे सांगून तो रंकाळ्यावर गेला, आणि "झाला का अभ्यास" या प्रश्नाला "हो" म्हणाला. चुंबन झाले नसते तरी हे खोटे खोटेच राहिले असते. दुसरी आहे मुलीविषयीची: तिला विचारले नाही. तिसरी वडिलांच्या कर्जाची. तिचा त्या संध्याकाळी काय घडले याच्याशी थेट संबंध नाही. ज्या घरात शिक्षणासाठी पैसा कष्टाने उभा राहतो त्या घरातला मुलगा कोणत्याही सुखाच्या क्षणी तो हिशेब मनाशी मांडतो. सिनेमाला गेला असता तरी कदाचित हीच ओळ आली असती.

या तिन्हींत भाषेने एक बारीक पण महत्त्वाचा फरक केला आहे. मुलीविषयी तो लिहितो, "मी असं कसं केलं?" कर्जाविषयी लिहितो, "मी असा कसा." पहिल्यात "असं" कृतीला लागते, दुसऱ्यात "असा" माणसाला. जून टँगनी आणि तिच्या सहकाऱ्यांनी अपराधभावना आणि शरम यांच्यात जो भेद मांडला तो नेमका हाच आहे: अपराधभावनेत माणूस एका कृत्याला वाईट म्हणतो, शरमेत सगळ्या स्वतःलाच. त्यांच्या अभ्यासांत दिसले की कृत्याबद्दल वाईट वाटणारा माणूस ते निस्तरायला जातो, कबुली देतो, माफी मागतो. स्वतःबद्दल वाईट वाटणारा लपतो, गप्प होतो, कधी दुसऱ्यावर चिडतो. मराठीत हा भेद एका मात्रेवर उभा आहे. जिथे "असं" आहे तिथे काही करता येते: मुलीशी बोलता येते, आईला उद्या खरे सांगता येते. जिथे "असा" आहे तिथे करण्यासारखे काही नसते, फक्त मान खाली घालायची असते. "छोटी म्हणाली, दादा आज गप्प का" या ओळीतले गप्प होणे या दुसऱ्या जातीचे असावे. अशी पाने वाचताना शरमेच्या ओळी किती आणि कृत्याच्या किती हे मोजले, तर लिहिणाऱ्याची ती रात्र कशी गेली याचा बराच अंदाज येतो.

विचारले नाही याची बोच मात्र इतर दोन्हींच्या पंक्तीला बसवू नये. ती सर्वांत खरी आहे. कांदा काढून ठेवणे, बोलता बोलता थांबणे, "पुढच्या वेळी" असे म्हणणे, या खुणा मुलीच्या मनात काय असावे ते सुचवतात; परवानगी देत नाहीत. खुणांवरून माणूस चुकतो, आणि ज्याला खुणा आपल्या बाजूच्या वाटाव्यात अशी इच्छा आहे तो फार सहज चुकतो. मुलाला कांद्याचा अर्थ लिहिताना लागला, म्हणजे त्या क्षणी त्याच्याजवळ तो अर्थही नव्हता. चालेल का, एवढे विचारायला अर्धा श्वास पुरला असता. हे त्याला रात्री सव्वाबाराला कळले, आणि नोंदीचे मोल त्यात आहे.

गोंधळाचे मूळ काही अंशी शरीरात आहे. कानातली धडधड आनंदाची होती की भीतीची? मोटरसायकलचा आवाज आला आणि "मला वाटलं बाबाच." कोणी पाहील या भीतीने हृदय जसे धडधडते तसेच ते आवडत्या माणसाच्या जवळ असताना धडधडते, धडधडीवर कारणाचे नाव लिहिलेले नसते. कॅनडातल्या व्हँकुव्हरजवळ कॅपिलानो नदीवर सुमारे ७० मीटर उंचीवर झुलता पूल आहे. डोनाल्ड डटन आणि आर्थर अ‍ॅरन यांनी तिथे केलेला प्रयोग १९७४ साली प्रसिद्ध झाला. हलत्या पुलावर पुरुषांना एक तरुणी भेटे, काही प्रश्न विचारे आणि पुढे काही विचारायचे असल्यास म्हणून आपला फोन नंबर देई. नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या बुटक्या, भक्कम पुलावर भेटलेल्या पुरुषांच्या तुलनेत झुलत्या पुलावरच्यांपैकी कितीतरी अधिकांनी नंतर तिला फोन केला. पुलाच्या भीतीने आलेली धडधड त्यांनी तरुणीच्या खाती मांडली असावी, असा अर्थ संशोधकांनी काढला. त्या प्रयोगाच्या मांडणीवर पुढे आक्षेपही घेतले गेले, पण मूळ मुद्दा या नोंदीला लागू पडतो. रंकाळ्याच्या काठावर, दिवे लागायच्या आधी, ओळखीचे कोणी येईल या धाकात झालेल्या चुंबनात किती थरार प्रेमाचा होता आणि किती पकडले जाण्याचा, हे मुलाला वेगळे करता येत नाही. आपल्याकडे तरुण मुलामुलींना भेटायला स्वतःची जागा नसते. तळ्याचा काठ, किल्ल्याचा बुरूज, बागेतला कोपरा एवढीच ठिकाणे उरतात, आणि तिथे भीती कायमची सोबत असते. त्यामुळे इथल्या पहिल्या चुंबनाच्या नोंदींत प्रेम आणि पकडले जाण्याची धास्ती एकाच वाक्यात येतात यात नवल नाही.

बसमध्ये सगळी माणसे आवडण्याची ओळ या गुंत्यातून सुटलेली आहे. तिथे धोका संपला होता, धडधड उतरत होती, आणि जे उरले ते निर्भेळ होते. कंडक्टर आवडावा इतका आनंद झाला होता हे त्याने शेवटी, जणू कोणी विचारल्यावर कबूल करावे तसे लिहिले: "पण खरं सांगायचं तर." आनंद कबुलीच्या भाषेत आणि अपराध प्रश्नांच्या भाषेत, हे या पानाचे वैशिष्ट्य आहे.

गोंधळाचे दुसरे आणि मोठे मूळ दोन शब्दांत आहे: "उशीर झाला." पानावर हे शब्द दोनदा येतात, आणि दुसऱ्यांदा त्यांना पाय फुटतात. मुलगा त्यांचा अर्थ स्वतःशीच लावू पाहतो. रोजनिशीची मर्यादा इथे उघडी पडते. स्वतःचे मन लिहून बऱ्यापैकी उलगडते. दुसऱ्याचे मन कितीही पाने लिहिली तरी उलगडत नाही. मागे वळून बघितले का याचे उत्तर त्या वहीत मिळणार नाही, कारण मध्ये रिक्षाचा पडदा होता.

खऱ्या रोजनिश्यांतही अशा पानांच्या याच अडचणी दिसतात. लंडनच्या सॅम्युअल पीप्सने वयाच्या सव्विसाव्या वर्षी, १ जानेवारी १६६० रोजी रोजनिशी सुरू केली आणि ३१ मे १६६९ पर्यंत चालवली. ती त्याने लघुलिपीत लिहिली होती, आणि बायकांशी केलेल्या लगटीचे प्रसंग आले की लघुलिपीही पुरेशी वाटत नसल्यासारखा तो मध्येच स्पॅनिश, फ्रेंच, लॅटिन शब्द मिसळू लागे. ती पहिल्या चुंबनाची पाने नव्हती. तो विवाहित होता, आणि काही प्रसंगांत समोरच्या बाईच्या इच्छेची त्याने पर्वा केलेली नाही. पण शब्द टाळण्याची, परक्या भाषेच्या आडोशाला जाण्याची ओढ तीच आहे. कोल्हापूरच्या मुलाला "ते" पुरले, पीप्सला चार भाषा लागल्या.

पहिल्या चुंबनाची सर्वाधिक वाचली गेलेली नोंद मात्र एका मुलीची आहे. १६ एप्रिल १९४४ रोजी, ॲमस्टरडॅममधल्या लपण्याच्या जागेत, चौदा वर्षांच्या अ‍ॅन फ्रँकने आदल्या संध्याकाळची हकीकत लिहिली. ती आपल्या काल्पनिक मैत्रिणीला, किटीला, ती तारीख लक्षात ठेवायला सांगते. सोबत लपलेल्या कुटुंबातल्या पेटरने दिलेले ते चुंबन केसांतून, अर्धे गालावर आणि अर्धे कानावर पडले होते, इतका बारकावा तिने टिपला आहे. आणि दुसऱ्याच दिवशीच्या नोंदीत प्रश्न सुरू होतात: हे आईवडिलांना पटेल का? एप्रिलच्या अखेरीस तिने वडिलांना सांगितले, त्यांनी जपून राहायला सांगितले, तिने त्यांना आवेशाने पत्र लिहिले, ते दुखावले, आणि मग तिला स्वतःची लाज वाटली. आनंदापासून शरमेपर्यंतचा हा प्रवास तिच्या वहीत तीन आठवड्यांत, तारीखवार पाहायला मिळतो. पेटरची बाजू आपल्यापर्यंत आलेली नाही. सतरा वर्षांच्या त्या मुलाने त्या रात्री काही लिहिले असते तर त्यात काय असते, असा प्रश्न तिची पाने वाचताना पडतोच.

लिहिण्याने मुलाला काही मिळते का? जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, मनाला लागलेल्या प्रसंगाबद्दल लिहायला सांगितले. ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या त्यांना लिहून झाल्यावर लगेच अधिक वाईट वाटले, पण पुढच्या महिन्यांत ते डॉक्टरकडे कमी वेळा गेले. नंतरच्या असंख्य प्रयोगांत हा फायदा लहान आणि सगळ्यांना सारखा न मिळणारा ठरला. एक निरीक्षण मात्र या विषयाला उपयोगी आहे. ज्यांच्या लेखनात दिवसागणिक "कारण", "म्हणून", "आता लक्षात येतं" अशा जातीचे शब्द वाढत गेले त्यांना जास्त फायदा झालेला दिसला. जे रोज त्याच भावनेच्या भोवती त्याच शब्दांत फिरत राहिले त्यांना तो तसा मिळाला नाही. मंगळवारच्या नोंदीत अशी जागा एकच आहे: "तेव्हा कळलं नाही. आत्ता लिहिताना कळतंय." बाकी सगळे प्रश्न आहेत. बुधवारी तेच प्रश्न त्याच क्रमाने पुन्हा आले असते तर लेखन मदत करत नाही, नुसते उगाळणे चालू आहे, असे समजायला हवे होते.

बुधवारची नोंद अशी आहे: "आईला सांगितलं की काल लायब्ररीत नव्हतो. कुठे होतो ते नाही सांगितलं. ती म्हणाली, जेवून घे आधी. मेसेज पाठवला. काल तुला चाललं ना, एवढाच. उत्तर नाही." ही नोंद छोटी आहे आणि तिच्यात "मी असा कसा" कुठेच नाही. एक काम झाले आहे, दुसरे अर्धे झाले आहे. अपराधाची जी बाजू निस्तरता येण्यासारखी होती ती निस्तरायला सुरुवात झाली, आणि कर्जाची ओळ आपोआप गळाली.

शुक्रवारची नोंद: "कॅन्टीनमध्ये भेटली. म्हणाली, मेसेजचं उत्तर समोर द्यायचं होतं. आणि म्हणाली, वसतिगृहाचं दार आठला बंद होतं हे तुला माहीत नाही का, तीन वर्षं झाली. मी म्हटलं, मग मागे वळून बघितलंस? म्हणाली, पडद्याला भोक आहे. रागावली होती एका गोष्टीवर, की त्या रात्री मी पोचलीस का असं विचारलं नाही. त्याचं मला सुचलंच नव्हतं. पुढच्या वेळी आधी विचारीन म्हटलं. म्हणाली, विचार."

मंगळवारी मुलाने "उशीर" या शब्दात नकार, पश्चात्ताप, तुटणे, सगळे वाचले होते. त्या शब्दात वसतिगृहाचे दार होते. आणि ज्या गोष्टीचा तिला राग होता ती त्याच्या अपराधांच्या यादीत नव्हतीच. स्वतःच्या चुका शोधायला रात्रभर जागलेल्या माणसाला समोरच्याला लागलेली चूक सापडू नये, हे अशा नोंदींत फार वेळा घडत असणार, कारण ती यादी एकट्याने केलेली असते.

वर्षांनंतर हे पान उघडले जाते तेव्हा त्याचे काम बदलते. १९८६ च्या जानेवारीत चॅलेंजर अंतराळयानाचा स्फोट झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात उलरिक नायसर आणि निकोल हार्श यांनी विद्यार्थ्यांकडून ती बातमी कुठे, कशी, कोणाकडून कळली ते लिहून घेतले. अडीच-तीन वर्षांनी त्यांतल्या काहींना पुन्हा तेच विचारले. पुष्कळांची उत्तरे पहिल्या उत्तराशी जुळत नव्हती, आणि तरी आपल्याला पक्के आठवते असा त्यांचा विश्वास होता. काहींना स्वतःच्या हस्ताक्षरातला पहिला कागद दाखवला तरी नवीच आठवण खरी वाटत राहिली. तीव्र प्रसंगाची आठवण बळकट असते, पण ती जशीच्या तशी राहीलच असे नाही. दर वेळी सांगताना तिला थोडा आकार दिला जातो.

पहिल्या चुंबनाची गोष्ट तर आयुष्यात अनेकदा सांगितली जाते, मित्रांना, पुढे कदाचित जोडीदाराला. सांगता सांगता दिवे लागलेले असतात, पाऊस पडत असतो, दोन्ही हात योग्य जागी असतात, आणि "ते झालं" चे "आम्ही" केलेले असते. वहीतल्या पानावर मात्र दिवे लागायचे होते, पाऊस दुपारीच उघडला होता, आणि हातांचा पत्ता नव्हता.